तिरकं झालेलं चित्र: बीएमपी फाइल, सी भाषा आणि ओळीच्या शेवटचे फुकटचे बाइट

पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवून वरून हलकेच एका बाजूला ढकलला की जसा तिरका होतो, तसं एका विद्यार्थ्याचं चित्र झालं होतं. प्रोग्रॅम साधा होता. बीएमपी फाइल वाचायची, रंग काढून टाकायचे आणि करड्या छटांत परत लिहायची. ६४० गुणिले ४८० च्या चित्रावर तो आठवडाभर बिनचूक चालला. मग त्याने स्वतःच्या लॅपटॉपचा स्क्रीनशॉट दिला, १३६६ गुणिले ७६८ चा, आणि सगळ्या खिडक्या उजवीकडे कलल्या. त्याला वाटलं, फाइलच खराब आहे. फाइल ठणठणीत होती. गोची १३६६ या आकड्यात होती.

बीएमपी हा चित्र साठवण्याचा अगदी सरळ प्रकार आहे. जेपेग किंवा पीएनजीसारखं दाबून बसवणं इथे सहसा नसतं. प्रत्येक पिक्सेलचे रंग आकड्यांच्या रूपात एकामागून एक मांडलेले असतात. म्हणून सी शिकवताना हाच प्रकार हाताशी येतो: लायब्ररी लागत नाही, `fopen` आणि `fread` पुरतात. इथे मी फक्त २४ बिटांच्या, न दाबलेल्या बीएमपीबद्दल बोलतो, म्हणजे दर पिक्सेलला तीन बाइट. त्या बाइटांचा क्रम निळा, हिरवा, लाल असा असतो. आपण तोंडाने 'आरजीबी' म्हणतो, फाइलमध्ये ते उलटं आहे.

फाइलच्या सुरुवातीला पिक्सेल नसतात, हेडर असतं. आधी १४ बाइटांचा एक छोटा तुकडा, मग चित्राची माहिती देणारा दुसरा. हा दुसरा तुकडा १९९० च्या विंडोज ३.० पासून चालत आलेल्या रूपात ४० बाइटांचा असतो. १४ अधिक ४० म्हणजे ५४, आणि म्हणून बरेच जण डोळे मिटून ५४ बाइट सोडून पुढे वाचायला लागतात. पण दुसऱ्या तुकड्याच्या नंतरच्या आवृत्त्या मोठ्या आहेत. सर्वांत मोठी १२४ बाइटांची, आणि ती असेल तेव्हा पिक्सेल १३८ पासून सुरू होतात. हा अंदाज करायची गरजच नाही, कारण पिक्सेल कुठून सुरू होतात ते फाइल स्वतःच १०व्या बाइटपासूनच्या चार बाइटांत सांगते. तिथेच विचारावं.

हे आकडे वाचताना पहिला मोह होतो तो हेडरसाठी एक `struct` बनवून त्यात सरळ `fread` करण्याचा. पहिल्या तुकड्यात दोन बाइटांची 'BM' ही अक्षरं आहेत आणि लगेच चार बाइटांचा फाइलचा आकार. चार बाइटांचा आकडा चारच्या पटीतल्या पत्त्यावर असावा म्हणून कंपायलर मध्ये गुपचूप दोन बाइट रिकामे सोडतो. मग `sizeof` १४ ऐवजी १६ येतो आणि पुढचं सगळं दोन बाइटांनी घसरतं. रुंदी काहीतरी अचाट आली, कोटींच्या घरात, तर बहुधा हेच झालेलं असतं. कंपायलरला तसं करू नको असं सांगता येतं, पण ते सांगण्याची तऱ्हा कंपायलरगणिक वेगळी. मी बाइट हाताने जोडतो:

```c
static uint32_t le32(const unsigned char *p)
{
    return p[0] | p[1] << 8 | p[2] << 16
         | (uint32_t)p[3] << 24;
}
```

फाइलमध्ये आकड्याचा सगळ्यात लहान भाग आधी येतो, म्हणून पहिला बाइट जसाच्या तसा आणि पुढचे आठ-आठ बिटांनी सरकवलेले. `unsigned` हा शब्द विसरू नका. नुसतं `char` लिहिलं तर बऱ्याच यंत्रांवर २०० हा आकडा उणे ५६ होतो, आणि चित्राचा नेमका उजळ भाग बिघडतो.

संपूर्ण फाइल मेमरीत `buf` मध्ये आणली आहे आणि तिची लांबी `size` मध्ये आहे, असं धरू. फाइल उघडताना `"rb"` आणि लिहिताना `"wb"`. विंडोजवर तो `b` राहिला तर लिहिताना १० हा प्रत्येक बाइट १३ आणि १० असा दोन बाइटांचा होतो, आणि चित्रात १० हा आकडा कुठेही येऊ शकतो. मग हवं ते वाचून घ्यायचं:

```c
uint32_t off  = le32(buf + 10);
int32_t  w    = (int32_t)le32(buf + 18);
int32_t  h    = (int32_t)le32(buf + 22);
int      bpp  = buf[28] | buf[29] << 8;
uint32_t comp = le32(buf + 30);
```

याआधी `size` निदान ५४ आहे आणि पहिले दोन बाइट 'BM' आहेत हे बघा. नंतर `bpp`, म्हणजे दर पिक्सेलचे बिट, २४ आणि `comp`, म्हणजे दाबण्याचा प्रकार, शून्य नसेल तर तिथेच थांबा. आठ बिटांच्या चित्रात पिक्सेलच्या जागी रंगांच्या तक्त्यातला क्रमांक असतो. तो प्रकार निराळा आहे, त्यावर हा कोड चालवलात तर कचराच मिळेल.

आता मूळ मुद्द्याकडे. चित्राची एक ओळ फाइलमध्ये किती बाइट घेते? रुंदी गुणिले तीन, असं उत्तर तोंडावर येतं. ते कधी कधीच बरोबर असतं. बीएमपीचा नियम असा, की प्रत्येक ओळीची लांबी चारच्या पटीत हवी. नसेल तर ओळीच्या शेवटी एक, दोन किंवा तीन बाइट भरतीला टाकायचे. यालाच पॅडिंग म्हणतात. हे बाइट बहुधा शून्य असतात, पण त्यांत काय आहे याला अर्थ नसतो. ३२ बिटांचा प्रोसेसर एका दमात चार बाइट उचलतो. प्रत्येक ओळ चारच्या पटीवर सुरू झाली तर त्याचं काम सोपं होतं, एवढंच त्यामागचं कारण. गंमत म्हणजे पिक्सेल सुरू होतात तो ५४ हा आकडा स्वतः चारच्या पटीत नाही. पट मोजायची ती फाइलच्या सुरुवातीपासून नव्हे, पिक्सेलच्या सुरुवातीपासून.

डोळ्यांनी दिसावं म्हणून पाच पिक्सेल रुंद आणि तीन ओळी उंच असं एक चिमुकलं चित्र घेऊ. वरची ओळ निळी, मधली पांढरी, खालची लाल. पाच पिक्सेल म्हणजे १५ बाइट, वर भरतीचा एक, मिळून १६. हेडर ४० बाइटवालं असेल तर `xxd -s 54 -c 16 -g 1 small.bmp` ही आज्ञा एका रांगेत बरोबर एक ओळ दाखवते, उजवीकडचा अक्षरांचा रकाना इथे गाळला आहे:

```
00000036: 00 00 ff 00 00 ff 00 00 ff 00 00 ff 00 00 ff 00
00000046: ff ff ff ff ff ff ff ff ff ff ff ff ff ff ff 00
00000056: ff 00 00 ff 00 00 ff 00 00 ff 00 00 ff 00 00 00
```

पहिली गोष्ट दिसते ती ही, की फाइलमध्ये आधी लाल ओळ आली आहे. `00 00 ff` म्हणजे निळा शून्य, हिरवा शून्य, लाल २५५. बीएमपीत तळाची ओळ आधी येते आणि माथ्याची शेवटी. उंचीचा आकडा उणे असेल तर मात्र हा क्रम उलटतो, वरची ओळ आधी. दुसरी गोष्ट, प्रत्येक रांगेच्या टोकाला असलेला तो एकटा `00`. शेवटच्या ओळीलाही तो आहे. पुढे ओळ नाही म्हणून सुटका होत नाही.

हा एक बाइट विसरलो तर काय होतं ते बोट ठेवून वाचून बघा. पहिली ओळ बरोबर येते, पाचही पिक्सेल लाल. दुसरी ओळ मात्र आपण एक बाइट आधी सुरू करतो, म्हणजे भरतीच्या `00` पासून. पहिला पिक्सेल `00 ff ff` असा वाचला जातो: निळा नाही, हिरवा आणि लाल भरपूर. पांढऱ्या ओळीच्या टोकाला एक पिवळा ठिपका. तिसऱ्या ओळीपर्यंत आपण दोन बाइट मागे पडलेले असतो. पहिला पिक्सेल `ff 00 ff`, म्हणजे गडद गुलाबी, आणि त्यानंतरचे चारही `00 00 ff`, म्हणजे लाल. निळी ओळ लाल झाली! फाइलमधला एकही बाइट चुकीचा नाही, आपण फक्त तिघांचे गट भलत्या जागी पाडले.

यावर नेहमी दिला जाणारा उपाय म्हणजे 'प्रत्येक ओळीनंतर पॅडिंग सोडून द्या'. तो चुकीचा नाही, पण मला पटत नाही. सोडायचं कधी, किती, वाचताना सोडलं तर लिहिताना परत घालायचं का, असे तीन प्रश्न तो मागे ठेवतो. त्यापेक्षा ओळीला दोन लांब्या आहेत असं समजा. एक चित्राची लांबी, `w` पिक्सेलांची, आणि दुसरी फाइलमधली लांबी, जिला `stride` म्हणतात. एसटी स्टँडवर गाड्यांसाठी सारख्या रुंदीचे रकाने आखलेले असतात. गाडी रकान्यापेक्षा थोडी अरुंद असली तरी पुढची गाडी पुढच्या रकान्याच्या रेघेपासूनच लागते, आधीच्या गाडीला चिकटून नाही. काम करायचं गाडीच्या रुंदीपुरतं, पुढे सरकायचं रकान्याच्या रुंदीने.

```c
size_t stride = ((size_t)w * 3 + 3) / 4 * 4;
int32_t rows  = h < 0 ? -h : h;

for (int32_t r = 0; r < rows; r++) {
    unsigned char *p = buf + off + r * stride;
    for (int32_t x = 0; x < w; x++, p += 3) {
        int g = (299*p[2] + 587*p[1] + 114*p[0]) / 1000;
        p[0] = p[1] = p[2] = (unsigned char)g;
    }
}
```

पहिल्या ओळीतली युक्ती पूर्णांकांच्या भागाकाराची आहे. तीन मिळवून चारने भागलं की उरलेला अपूर्णांक गळतो, परत चारने गुणलं की वरची जवळची पट मिळते. १५ चे १६ होतात, १६ चे १६च राहतात. आतल्या लूपमध्ये हिरव्याला जास्त वजन आहे, कारण डोळ्याला हिरवा जास्त उजळ वाटतो. पण या कोडमधली खरी महत्त्वाची ओळ वेगळीच आहे: `p` ला दर ओळीच्या सुरुवातीला नव्याने पत्ता दिला आहे. तो एकदाच देऊन दोन्ही लूपभर पळवत ठेवला, की वरची पिवळी-गुलाबी गंमत सुरू. आणि बघा, पॅडिंगचं नावही कोडमध्ये नाही. भरतीचे बाइट होते तिथेच `buf` मध्ये पडून आहेत. शेवटी अख्खा `buf` दुसऱ्या फाइलमध्ये एका `fwrite` ने लिहिला की हेडर, भरती, सगळं जागच्या जागी.

लूपच्या आधी दोन तपासण्या मी कधी गाळत नाही. `w` शून्याहून मोठा, आणि `w` व `h` दोन्ही समजुतीच्या मर्यादेत, समजा ३०,००० च्या आत (उंचीसाठी उणे बाजूलाही तेवढंच). आणि `off + stride * rows` हे `size` पेक्षा जास्त नाही. अर्धवट उतरवलेली फाइल दुसऱ्या तपासणीत पकडली जाते, नाहीतर प्रोग्रॅम मेमरीच्या बाहेर लिहीत सुटतो. हेडरमध्ये चित्राच्या बाइटांची बेरीज ठेवायलाही एक जागा आहे, पण न दाबलेल्या चित्रात तिथे शून्य लिहायला परवानगी आहे, म्हणून तिच्यावर विसंबू नये.

एखादा विशिष्ट पिक्सेल हवा असेल, समजा वरून `y`वी ओळ, तर `h` धन असताना `r` म्हणजे `h - 1 - y`, आणि ऋण असताना सरळ `y`. करड्या छटा करताना हा प्रश्न येत नाही. चित्राच्या माथ्यावर पट्टी काढायला गेलात आणि ती पायथ्याशी उमटली, की याची आठवण होते.

आता त्या १३६६ कडे. १३६६ गुणिले ३ म्हणजे ४०९८, चारच्या पटीत बसत नाही, म्हणून दोन बाइट भरती आणि `stride` ४१००. ७६८ ओळींचे ३१,४८,८०० बाइट, हेडर धरून फाइल ३१,४८,८५४ बाइटांची. तुमच्या प्रोग्रॅमने लिहिलेली फाइल ३१,४७,३१८ ची निघाली तर चित्र उघडायचीही गरज नाही. १,५३६ बाइट कमी आहेत, ७६८ ओळींचे दोन-दोन. ६४० वर हे कधी दिसलं नाही, कारण ६४०, ८००, १०२४, १९२० हे सगळे चारच्या पटीतले. २४ बिटांत एक मजेशीर योगायोग आहे: भरतीचे बाइट म्हणजे रुंदीला चारने भागून उरलेली बाकीच. १३६६ ला बाकी दोन, भरती दोन. पण हे फक्त दर पिक्सेल तीन बाइट असतानाच खरं. ३२ बिटांना भरती लागतच नाही.

याच हिशोबात उलटी चूकही पाहिली आहे. काही जण भरती `4 - (w * 3) % 4` अशी काढतात. बाकी शून्य असेल तेव्हा हे चार देतं, आणि मग १३६६ चं चित्र छान येतं पण ६४० चं तिरकं! म्हणजे चूक नेमकी मंडळी ज्यावर कधी शंका घेत नाहीत तिथे.

तिरकेपणा कुठल्या बाजूला आहे यावरून चूक कुठे आहे हेही कळतं. तळाची ओळ आधी असलेल्या नेहमीच्या फाइलमध्ये वाचताना भरती विसरलात, पण लिहिताना धरलीत, तर उभी रेघ वर जाताना उजवीकडे झुकते. वाचताना धरली आणि लिहिताना विसरलात तर डावीकडे. त्या विद्यार्थ्याच्या खिडक्या उजवीकडे कलल्या होत्या, म्हणजे वाचणारा भाग दोषी. लिहिणारा भाग त्याने एका मित्राकडून घेतला होता आणि तो चोख होता. भरती किती हेही रेघ सांगते. तीन बाइट असेल तर दर ओळीला नेमका एक पिक्सेल सरकतो, रेघ ४५ अंशांत झुकते आणि रंग टिकून राहतात. एक किंवा दोन असेल तर तीनपैकी दोन ओळींचे रंग बदलतात, त्यामुळे रंगीत चित्रात बारीक आडवे पट्टे दिसतात. १३६६ ला तळापासून माथ्यापर्यंत मिळून साधारण ५१२ पिक्सेलांचा कल येतो.

सगळ्यात फसवी अवस्था म्हणजे दोन्हीकडे विसरण्याची. तिथे एक चूक दुसरीला झाकते. `buf` मध्ये जागच्या जागी, `w * 3 * rows` इतके बाइट सलग धरून चित्राची निगेटिव्ह केली, तर प्रत्येक बाइट आपापल्याच जागी बदलतो आणि चित्र सरळ दिसतं. फक्त शेवटचे १,५३६ बाइट राहून जातात. ते माथ्याच्या एकाच ओळीच्या उजव्या टोकाला असतात, जेमतेम ५११ पिक्सेल, उंची एक पिक्सेल. ती रेघ कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. हाच कोड करड्या छटांना लावला तर तीनपैकी दोन ओळींत एका पिक्सेलचा निळा शेजारच्याच्या लालशी मिसळतो, आणि पांढऱ्यावरच्या काळ्या अक्षरांच्या कडांना निळसर, तांबूस झालर येते. कडा सोडून बाकी सगळं करडं, म्हणून लोक दोष रंगांच्या सूत्रात शोधत बसतात.

म्हणून निगेटिव्ह दोनदा करून मूळ फाइलशी ताडून बघण्याची चाचणी इथे निरुपयोगी आहे. चुकीचा कोडही त्यात पास होतो. मी त्याऐवजी पाच, सहा, सात आणि आठ पिक्सेल रुंदीची चार पांढरी चित्रं ठेवतो आणि `x` बरोबर `w - 1` हा शेवटचा स्तंभ प्रत्येक ओळीत लाल करायला सांगतो. मग चित्र मोठं करून बघायचं. चारही चित्रांत उजव्या काठाला सरळ लाल रेघ यायला हवी. आठ रुंदीची सरळ आणि बाकी तिन्ही तिरक्या आल्या, तर `stride` च्या जागी कुठेतरी अजून `w * 3` शिल्लक आहे.